जेवण वेगळं, पगार वेगळा

नमस्कार सर,
मी २७ वर्षांची, गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. हातात २७ हजार येतात. बाबांच्या जुन्या मित्रांची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्री आहे. परवा ते बाबांसमोरच म्हणाले, "आमच्याकडं ये, ३५ देतो." काम मला आवडण्यासारखं आहे. पण पुढचं बोलायला त्यांनी येत्या रविवारी रात्री आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलंय. "तिथंच पगाराचं ठरवून टाकू की," म्हणाले. तिथं मला काही बोलता येणार नाही हे आत्ताच कळतंय. मी एक मेसेज लिहून ठेवलाय: "काका, तुमच्या सोयीने जमेल तेव्हा पगाराबद्दल थोडं बोलायचं होतं." पण पाठवायचं धाडस होत नाही. मी घासाघीस करायला निघाले असं त्यांना वाटू नये आणि मलाही दडपण येऊ नये, अशी वेळ कशी मागायची? मला सोमवारी सुट्टी असते.
– एक वाचक, फुलेवाडी

नमस्कार,

मेसेज पाठवला नाहीत ते बरं केलंत. त्यात उद्धट काहीच नाही. उलट नम्रपणा जरा जास्त झालाय आणि अडचण तिथंच आहे. "तुमच्या सोयीने जमेल तेव्हा" म्हटलं की वेळ ठरवायचं सगळं समोरच्याच्या हातात जातं. काका मनानं चांगले असतील, म्हणूनच ते मेसेज वाचल्यावर थांबणार नाहीत, तिथल्या तिथं फोन लावतील. त्या वेळी तुम्ही कुठं असाल? शॉपवर, हातात मायक्रोमीटर आणि चार पावलांवर तुमचे आत्ताचे मॅनेजर. "हो काका, बरं काका, चालेल काका" एवढंच तोंडातून निघेल. फोन ठेवल्यावर लक्षात येईल की त्यातलं एक "चालेल" पगाराला होतं.

मी शिरोलीत बरीच वर्षं पर्सोनेल सांभाळलं, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. एकदा महिनाअखेरीला डिस्पॅच तुंबलेला असताना एका मेंटेनन्सच्या पोराला मी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला फोन केला. आकडा सांगितला आणि म्हणालो, "सोमवारपासून ये, आत्ताच हो म्हणून टाक." पोरगा कुणाच्या तरी बारशात होता, मागं माणसांचा गलका चाललेला. तो हो म्हणाला. चार महिन्यांनी सोडून गेला आणि जाताना म्हणाला, "सर, त्या दिवशी मला तुमचं नीट ऐकूच आलं नव्हतं." त्यात चूक माझी होती. मी त्याला पगार कमी सांगितला नव्हता, त्याची वेळ मात्र मी हिसकावून घेतली होती. त्यानंतर मी अशा बोलण्याची वेळ आधी विचारल्याशिवाय कुणाला फोन केला नाही.

आता रविवारच्या जेवणाकडे वळू. तुम्हाला ते ओझं वाटतं यात काकांचा दोष नाही. आपल्याकडं माणूस जवळचा असला की कामाचं बोलणंही ताटावरच होतं. पण तिथं काकू वाढत असणार, बाबा शेजारी बसलेले असणार आणि ताटात पांढरा रस्सा असणार. अशा ठिकाणी "यात पीएफ धरून की सोडून?" हा साधा प्रश्नसुद्धा कुरकुर वाटतो. शिवाय काकांचं उत्तर तुम्हाला न येता बाबांना येतं आणि बाबा मान डोलावतात. दोन मित्रांनी मान डोलावली की व्यवहार झाला. तुमची मान त्यात धरलेलीच असते.

तेव्हा पहिलं काम हे की जेवण मोडायचं नाही, जेवणातून पगार तेवढा बाहेर काढायचा. आमंत्रणाला आनंदानं हो म्हणा. पगारासाठी निराळी वेळ मागा आणि ती रविवारच्या आधी ठरवून टाका. बोलणं रविवारनंतर झालं तरी चालेल, किंबहुना नंतरच होऊ दे. आधी बोललात आणि काही राहून गेलं तर रविवारचं जेवण म्हणजे उत्तर द्यायची मुदत होऊन बसेल. नंतरची वेळ ठरलेली असली की ताटावर विषय निघाल्यावर तुमच्याकडं सांगायला काहीतरी असतं.

पण वेळ मागण्याआधी एक गोष्ट हातात असायला हवी. "३५ देतो" या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात, आणि कुठल्या ३५ बद्दल बोलतोय हे ठाऊक नसेल तर कितीही निवांत वेळ मिळाली तरी तिचा उपयोग नाही.

हे आकडे वहीत मांडून बघा. काकांच्या मनातले ३५ म्हणजे हातात येणारे ३५ असतील तर प्रश्नच नाही. ते ग्रॉस असतील, तर त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ जाईल. तो १५,००० च्या मर्यादेवर कापला तर १२ टक्क्यांनी १,८०० होतो. वर व्यवसाय कर २०० जातो, फेब्रुवारीत ३००. म्हणजे हातात ३३,०००. आणि ३५ म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफही त्याच ३५ मधून निघतो, आणखी १,८००. काही ठिकाणी ग्रॅच्युइटीही त्यातच धरतात. बेसिक निम्मं, म्हणजे १७,५०० असेल, तर ४.८१ टक्क्यांनी ती होते ८४२ च्या आसपास. मग ग्रॉस उरतो ३२,३५८ आणि त्यातून तुमचा पीएफ व व्यवसाय कर वजा केला की हातात ३०,३५८.

म्हणजे आज २७ हजारांवर असताना तुम्ही मनात ८ हजारांची वाढ धरून बसलात आणि प्रत्यक्षात ती ३,३५८ ची निघू शकते. त्यातून फुलेवाडीहून रोज कागलपर्यंत जायचंय. कंपनीची बस आहे की आपल्या गाडीत पेट्रोल टाकायचं, यावर त्या ३,३५८ मधलंही किती शिल्लक राहतं ते ठरेल. पीएफ काही वाया जात नाही, कंपनीचा वाटाही तुमच्याच नावावर, काही पीएफमध्ये आणि काही पेन्शनमध्ये, जमा होतो. पण महिन्याचा घरखर्च त्यातून चालत नाही. कायम नोकरीतली ग्रॅच्युइटी तर साधारण पाच वर्षं काढल्यावर हाती येते.

काका फसवताहेत असं मी अजिबात म्हणत नाही. छोट्या-मध्यम कारखान्यात मालकाच्या डोक्यात एक आकडा असतो आणि अकाउंटंटच्या शीटमध्ये दुसरा, आणि पुष्कळदा मालकालाही दोन्हींतला फरक पगार निघतो त्या दिवशीच दिसतो. म्हणून वेळ मागताना पगाराचा तपशील आधी मागवायचा. कागद समोर असला की बोलणं त्या कागदाबद्दल होतं. तो नसेल तर ते काकांच्या मोठ्या मनाबद्दल आणि तुमच्या कृतज्ञतेबद्दल होतं, आणि त्यात आपण कधीच जिंकत नसतो.

आता वेळ कुठली. तुम्हाला सोयीची वेळ कुठली हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांची कुठली, याचा अंदाज बाहेरूनही बांधता येतो. कारखानदाराच्या महिन्याला ठरलेली चढउतार असते. शेवटचे पाच-सहा दिवस डिस्पॅचचे, तेव्हा मालक फोन उचलतो तोच वैतागून. सात तारखेपर्यंत पगार व्हायचे असतात आणि पगार करून दमलेल्या माणसाशी नव्या पगाराचं बोलू नये हे सांगायला नको. अकराला जीएसटीचं पहिलं रिटर्न असतं आणि वीसला दुसरं, त्या दोन्ही दिवसांत ऑफिस कागदात बुडालेलं असतं. मधे १२ ते १८ हा आठवडा त्यातल्या त्यात मोकळा. तुमचा येता रविवार १२ तारखेचा आणि तुमची सुट्टी सोमवारी १३ ला, त्यामुळे तारखा आपोआपच बऱ्या जुळल्यात.

दिवसातली वेळही बघायची. सकाळी मालक आल्या आल्या शॉपवर चक्कर मारतात, रात्रपाळीचं रिजेक्शन बघतात. त्या अर्ध्या तासात कुणाचाही मूड कसा असेल हे रिजेक्शनच्या आकड्यावर असतं. हीट निघत असताना तर फाउंड्रीवाल्याला फोन करूच नये. साडेअकराच्या सुमारास चहा होऊन माणूस केबिनमध्ये टेकलेला असतो. दुपारी जेवणानंतर सुस्ती असते. संध्याकाळी सहानंतर तुमचीही शिफ्ट सुटलेली असते. एक जाता जाता सांगतो, तुम्ही हे मानत असा वा नसा, आपल्या भागात अमावास्येला आणि पितृपंधरवड्यात बरेच मालक नव्या माणसाचं पक्कं करत नाहीत. बोलणं होतं, पण "बघू की" वर थांबतं. त्या थांबण्याचा अर्थ नकार असा लावून पोरं उगाच रात्र जागतात. तेवढं कॅलेंडर बघून घ्यावं.

ठिकाणाबद्दल मला जास्त विचार करावा लागला. त्यांचं ऑफिस खरं तर वाईट नाही. टेबल असतं, अकाउंटंटला हाक मारता येते. पण तिथं जायला तुमची अर्धी सुट्टी जाईल आणि कागलच्या गेटवर कुणी ओळखीचा ड्रायव्हर किंवा व्हेंडर भेटला, तर मंगळवारी गोकुळ शिरगावात बातमी पोचलेली असेल. आपल्या एमआयडीसीत कास्टिंग एकाचं, मशीनिंग दुसऱ्याचं, माल नेणारा टेम्पो तिसऱ्याचा. सगळे सगळ्यांना ओळखतात. बाहेर हॉटेलात भेटायचं तर बिल कोण देणार इथपासून सुरुवात होते. त्यापेक्षा पहिलं बोलणं ठरलेल्या वेळी फोनवर करा. फोनवर कागद समोर ठेवता येतो, वहीत लिहिता येतं, चेहरा सांभाळावा लागत नाही आणि वीस मिनिटांनी फोन ठेवला तर कुणाचा अपमान होत नाही. "सगळं ई-मेलवर करा" असा सल्ला हल्ली सगळीकडं मिळतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत तो ठीक असेल. इथं अशा कारखान्याचा ई-मेल बहुधा अकाउंटंट उघडतो, आणि तुमच्या पगाराचा प्रश्न मालकाआधी त्यानं वाचावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

आता मेसेज. गुरुवारी सकाळी अकराच्या आसपास पाठवा, म्हणजे तपशील काढायला त्यांच्या ऑफिसला शुक्रवार-शनिवार मिळतील. रात्री साडेदहाला पाठवू नका. उशिरा आलेला मेसेज कितीही साधा असला तरी 'पोरीला झोप लागेना' असा वाचला जातो. मी असा लिहिला असता:

"नमस्कार काका. परवा तुम्ही कामाबद्दल विचारलंत, मला खूप बरं वाटलं. रविवारी आम्ही सगळे जेवायला नक्की येतोय. कामाचं स्वरूप आणि पगाराचा तपशील मला नीट समजून घ्यायचाय, त्यासाठी फोनवर वीसेक मिनिटं बोलूया का? सोमवारी १३ ला सकाळी साडेअकरा ते साडेबारा किंवा बुधवारी १५ ला संध्याकाळी सहानंतर मी मोकळी आहे. दोन्ही जमत नसेल तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ सुचवा. त्याआधी ऑफिसमधून पगाराचा तपशील व्हॉट्सॲपवर मिळाला तर बोलणं सोपं जाईल. फोनवरच काही ठरवायची घाई नाही. बोलून झालं की मी विचार करून शुक्रवारपर्यंत तुम्हाला कळवते."

यात काय मुद्दाम घातलंय आणि काय गाळलंय ते सांगतो, म्हणजे तुमच्या भाषेत बदलताना नेमकी कामाची गोष्ट निसटणार नाही.

"काका" तसंच ठेवलंय. पगाराचा विषय निघाला म्हणून अचानक "सर" किंवा "साहेब" केलंत तर त्यांना ते लागेल आणि बाबांना फोन जाईल, "पोरगी रागावली का रे?" पुढं कामावर गेल्यावर सगळ्यांसमोर सर म्हणा, ते योग्यच. आत्ता नको.

जेवणाचं वाक्य पगाराच्या आधी आहे. उलट लिहिलं असतं तर जेवायला येणं हे पगारावर अवलंबून आहे असा वास आला असता.

"समजून घ्यायचाय" हा शब्द धरून ठेवा. "पगाराबद्दल बोलायचंय" म्हटलं की ऐकणारा लगेच बचावाला बसतो, कारण त्याच्या अनुभवात ते वाक्य वाढ मागणाऱ्याचं असतं. समजून घेणाऱ्याशी कुणी भांडत नाही, आणि तुम्हाला खरोखरच आधी समजून घ्यायचंय. ते ३५ कुठले हे कळेपर्यंत जास्त मागायचे की नाही हे तुम्हालाही माहीत नाही.

वेळा दोन दिल्यात. एकच दिली तर ती हजेरी लावल्यासारखी वाटते, आणि पाच दिल्या तर समोरचा "नंतर बघतो" म्हणून मेसेज खाली ढकलतो. त्यातही एक सकाळची आणि एक संध्याकाळची, म्हणजे त्यांना खरी निवड मिळते. वीस मिनिटांचा उल्लेख फार महत्त्वाचा. बोलणं कुठं संपणार हे माहीत असलं की दोघांनाही सुरू करायला जड जात नाही.

शेवटी निर्णयाचा दिवस तुम्हीच सांगितलात. नुसतं "घाई नाही" लिहिलं असतं तर ते तुमच्या बाजूनं निवांत झालं असतं आणि त्यांच्या बाजूनं टांगणीचं. दडपण फक्त उमेदवारालाच येतं असं नाही. मालकाच्या मनात भीती असते की आपलं ऑफर लेटर दाखवून ही आत्ताच्या ठिकाणी वाढ घेईल आणि आपण पुन्हा माणूस शोधत बसू. शुक्रवार हा शब्द वाचला की ती भीती थोडी कमी होते. दिलेला शुक्रवार मात्र पाळायचा. विचार झाला नसेल तरी शुक्रवारी फोन करून तसं सांगायचं.

गाळलंय ते असं. तुमचा आत्ताचा पगार नाही, अपेक्षेचा आकडा नाही, दुसरीकडून बोलावणं आलं असेल तर तेही नाही. वेळ मागायच्या मेसेजमध्ये आकडा टाकला की बोलणं तिथंच सुरू झालं, मग सोमवारला काय उरलं? आणि "लवकरात लवकर", "महत्त्वाचं बोलायचंय" हे शब्दही नकोत. महत्त्वाचं बोलायचंय असं वाचल्यावर माणूस दोन दिवस वाईटच धरून बसतो.

यावर काका काय करतील? "सोमवारी कर फोन" म्हणाले तर झालंच. पण माझा अंदाज वेगळा आहे. तासाभरात फोन येईल आणि आवाज येईल, "अगं, घरचीच तू, वेळ कसली मागतीस? बोल आत्ताच!" ते प्रेमानं म्हणत असतील, पण तुम्ही शॉपवर असाल. फोन न उचलणं हाही मार्ग आहे, पण मग तो बाबांकडं जाईल. म्हणून उचला आणि हसत सांगा, "काका, आत्ता मशीनवर आहे, अर्धवट ऐकू येईल. सोमवारी साडेअकराला मी वही घेऊनच बसते." ही सबब नाही, खरंच तशी स्थिती आहे. तेवढं बोलून विषय बदला, काकूंची चौकशी करा. "बरं, पण साधारण ३५ चालेल ना?" असं मधेच आलं तर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. "तपशील बघितला की नीट सांगते काका" हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं तरी म्हणा. तिसऱ्यांदा बहुधा लागत नाही.

काहीच उत्तर आलं नाही तर शनिवारपर्यंत थांबा. शनिवारी सकाळी एकच ओळ: "काका, सोमवारी साडेअकरा जमेल का, की बुधवार ठेवूया?" निळ्या खुणा दिसूनही उत्तर नाही म्हणजे नाराजी असं धरू नका. कारखानदाराच्या व्हॉट्सॲपवर सकाळपासून ट्रान्सपोर्टवाले, स्क्रॅपवाले आणि कस्टमरचे रिजेक्शनचे फोटो येऊन पडलेले असतात. तिसरा मेसेज मात्र करायचा नाही. रविवारी भेट आहेच.

तपशील आला नाही तर? सोमवारचं बोलणं रद्द करू नका, त्याला छोटं करा. पहिलाच प्रश्न विचारा, "काका, हे ३५ म्हणजे हातात येणारे, की पीएफ धरून?" त्यांनी "अकाउंटंटला विचारून सांगतो" म्हटलं की पुढचं तिथंच थांबवा आणि बुधवारची वेळ पक्की करा. माहिती अर्धी असताना पुढं रेटलेलं बोलणं मला आजवर सरळ संपलेलं आठवत नाही. आणि हे सगळं तोंडी ठरलं तरी कंपनीच्या कागदावर ऑफर लेटर हातात येईपर्यंत आत्ताच्या ठिकाणी राजीनामा द्यायचा नाही. काका कितीही जवळचे असले तरी. उद्या त्यांच्याकडची ऑर्डर थांबली तर तुमचा नोटीसचा महिना त्यांच्या हातात नसतो.

राहिले बाबा. मला तर सगळ्यांत अवघड भाग तोच वाटतो. तुम्ही काकांकडं वेळ मागितली हे बाबांना काकांकडून कळता कामा नये. म्हणून मेसेज पाठवायच्या आदल्या रात्री त्यांना दाखवा. "पाठवू का?" असं विचारू नका, "उद्या पाठवतेय, तुम्हाला माहीत असावं" असं सांगा. ते म्हणतील, मी बोलतो ना त्याच्याशी. त्यावर वाद घालण्यापेक्षा त्यांना एक काम द्या. काकांनी पगाराचा विषय काढला की बाबांनी एवढंच म्हणायचं: "तो हिशेब तुम्ही दोघं बघा, मला त्यातलं कळत नाही." ज्या माणसानं आयुष्यभर घरचा हिशेब केला त्याला हे वाक्य म्हणायला जड जाईल हे मान्य. वहीतले ते तीन आकडे त्यांना दाखवा, ३५,०००, ३३,००० आणि ३०,३५८. फरक डोळ्यांनी दिसला की मित्राला संकोचानं हो म्हणण्यापेक्षा गप्प राहणं त्यांनाही सोपं वाटेल.

आणि रविवारी एवढं करूनही काका दुसरी भाकरी मोडता मोडता म्हणालेच, "मग पगाराचं काय करायचं, आत्ताच सांगून टाक की," तर वाटी पुढं करा आणि म्हणा, "काका, उद्या साडेअकराला तुमचा फोन माझ्यासाठी राखून ठेवलाय ना? आत्ता मला रस्सा वाढा." काकू वाढतील. काका हसतील आणि बाबांकडं बघतील, तेव्हा बाबांनी जेवत राहायचं.